आत्याच्या हातमशीनचं जड चाक: कामाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

काल बार्शीहून आत्याचं शिवणाचं मशीन पुण्याला आणलं. काळं हेड, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लाकडी पाट, उजवीकडे हँडल. पंधरा क्लासच्या जुन्या बनावटीचं हे हेड आहे. आपल्याकडे घरोघरी जी काळी मशिनं असतात, त्यांतली बहुतेक याच घडणीची. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर आत्याने शिवण सोडलं, त्याला आठ वर्षं झाली. आता नातीला शिकवायचंय म्हणून तिला ते परत हवंय.

तक्रार एकच, चाक फिरत नाही. म्हणजे अगदी जाम नाही. हँडलला दोन्ही हात लावून जोर केला की घरंगळल्यासारखं अर्धा फेरा जातं आणि थांबतं.

तेल घालायच्या आधी जडपणा नक्की कुठे आहे ते पाहायचं ठरवलं. हँडलचं एक बोट चाकाच्या आऱ्यांमध्ये अडकलेलं असतं. ते बाहेर ओढलं की हँडल आणि हेड वेगळे होतात. नुसतं हँडल फिरवलं, तर आतले दाते करकरले, पण ते फिरलं. नुसतं चाक हाताने फिरवलं, तर तोच जडपणा. म्हणजे मुख्य दुखणं हेडमध्ये आहे.

हलकं झालं की नाही हे हाताच्या अंदाजावर सोडायचं नव्हतं. रोज थोडं थोडं हलकं होत गेलं की हाताला कालचं आठवत नाही. चाकाला पट्ट्यासाठी खाच असते. त्या खाचेत दोरी गुंडाळली, टोकाला कापडी पिशवी बांधली आणि चाक आपसूक फिरायला लागेपर्यंत पिशवीत मुठीमुठीने तूरडाळ टाकत गेलो. मग पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. कापड दाबणारं फूट वर उचललेलं, सुई काढलेली, दोरा नाही. सुईची दांडी वर, खाली आणि मध्ये दोन ठिकाणी, अशा चार जागी मोजलं. सगळीकडे १,३०० ते १,४०० ग्रॅम.

चारही जागी आकडा जवळपास सारखा आला, आणि कामाचं आहे ते हेच. एखाद्याच जागी अडत असेल तर काहीतरी कशाला तरी लागतंय, दोरा अडकलाय किंवा दांडी वाकलीय. सगळीकडे सारखंच जड असेल तर सांध्यासांध्यात काहीतरी चिकट बसलंय.

शेवटची चाचणी मधल्या गोल नटाची. हा नट सैल केला की चाक एकटं फिरायला हवं आणि सुई जागेवर थांबायला हवी. बॉबिन भरताना आपण तेच करतो. नट सैल केला, चाक फिरवलं, तरी सुईची दांडी सोबत खाली-वर झाली. नट सुटलाय, पण चाक शाफ्टला चिकटूनच आहे.

संध्याकाळी आत्याला फोन केला.

"आत्या, बॉबिन भरताना सुई हलायची का गं?"

"हलायची की! कापड काढूनच भरायची मी, नायतर सुई कापडात जायची. मला वाटायचं, असंच असतंय."

"आणि तेल कुठलं घालायचीस?"

"बाटलीतलं असलं तर ते. ते संपलं की घरचं करडीचं. घाण्याचं शुद्ध होतं बाळा, बाहेरचं नव्हं."

मला हवं होतं ते उत्तर मिळालं.

७ डिसेंबर, शनिवार

करडीचं तेल खायला उत्तम, पण मशीनला वाईट. जवसाचं तेल रंगात घालतात ते वाळून कडक होतं म्हणून. करडी त्याच कुळातली, फक्त थोडी सावकाश वाळते. हवेतला प्राणवायू घेऊन तेलाचे कण एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचं रोगण होतं. कढईच्या बाहेरच्या अंगाला ओघळ वाळून जो तपकिरी, काथ्याने न निघणारा थर बसतो, तेच आत शाफ्टवर बसलेलं आहे. मशीनचं पातळ पांढरं तेल खनिज तेल असतं, ते असं वाळून रोगण होत नाही. जुनं झालं की धूळ धरून काळं होतं एवढंच.

खोबरेल तेलाची गोष्ट वेगळी. तेही लोक घालतात. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून अशी मशिनं थंडीत सकाळी जड आणि दुपारी हलकी चालतात. इथे तसं आहे का ते पाहायला सकाळी सहाला आणि दुपारी दोनला डाळ मोजली. सकाळी १,३८०, दुपारी १,३३०. एवढा फरक सोडून देण्यासारखा आहे. म्हणजे खोबरेल नाही, किंवा असलं तर नावाला.

आज फक्त तेलाची छिद्रं उघडली. हाताच्या पाठीवर, म्हणजे हेडच्या वरच्या आडव्या भागावर, चाकाजवळ आणि पुढे तोंडाकडे तेलाची छिद्रं आहेत. एकेका छिद्रावर मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. थेंब आत गेलाच नाही. मण्यासारखा वर बसून राहिला. छिद्र बुजलंय हे ओळखायला याहून सोपी खूण नाही.

जाड गोधडीची सुई चिमट्यात धरून छिद्रात हळूहळू फिरवली. चाकाजवळच्या छिद्रातून तिळाएवढा एक मधाच्या रंगाचा खडा निघाला. नखाने दाबला तर तुटला नाही, चुरगळला नाही, किंचित दबून परत फुगला. रबर आणि राळ यांच्या मधलं काहीतरी. उजेडात धरला तर आरपार दिसत होता, आत कापडाचा एक बारीक निळा तंतू अडकलेला. कुठल्या काळच्या कुठल्या झंपराचा असेल कोण जाणे.

छिद्रं मोकळी करून प्रत्येकी दोन थेंब तेल घातलं, अर्धा तास थांबलो, चाक पुढेमागे हलवत राहिलो. मोजलं तर १,२००. फारसं काही नाही, आणि त्याहून जास्त अपेक्षाही नव्हती. शाफ्ट आणि तो ज्यात फिरतो तो बुश यांच्यात केसाएवढी फट असते. ती रोगणाने भरलेली असेल तर नवं तेल तिच्यात शिरणार कुठून? "तेल घातलं तरी जडच आहे" असं लोक म्हणतात ते यामुळेच. मग ते आणखी तेल घालतात आणि ते तेल खाली पाटावर सांडतं.

शटल आणि बॉबिन केस काढूनही एकदा मोजलं. काही फरक नाही, म्हणजे शटलच्या कड्यात दोरा अडकलेला नाही.

८ डिसेंबर, रविवार

आज चाक काढलं. सगळा दिवस त्यातच गेला.

गोल नटाच्या तोंडावर एक बारीक स्क्रू असतो. तो आधी सैल करायचा, मग नट आपल्याकडे फिरवून काढायचा. हा बारीक स्क्रू न पाहताच पुष्कळ जण नटाला पक्कड लावतात आणि आटे खराब करतात. नट निघाला की आत एक पातळ वॉशर. त्याला बाहेरच्या बाजूला तीन कान आणि आतल्या कडेला दोन छोटे, वाकवलेले कान. आतले कान आपल्याकडे तोंड करून होते. तो कुठल्या बाजूने आणि कुठल्या कोनात बसलाय याचा आधी फोटो काढला, मगच हात लावला.

नट आणि वॉशर काढल्यावर चाक हाताने ओढून बाहेर यायला हवं. ते जागचं हललं नाही. इथे हातोडी किंवा मागून पेचकसची तरफ लावायचा मोह होतो. चाक आणि हेड दोन्ही बिडाचे आहेत. बीड वाकत नाही, सरळ तुटतं.

आधी उष्णता दिली. केस वाळवायचा ड्रायर चाकाच्या मध्यभागी दहा मिनिटं धरला, हाताला चटका बसेल न बसेल एवढं गरम. गरमीने रोगण थोडं नरम पडतं. मग ड्रायर बंद करून, सगळं पुरतं निवल्यावर, चाकाच्या मागच्या फटीत टर्पेंटाइनचे पाच-सहा थेंब सोडले. हा क्रम उलटा करू नये. टर्पेंटाइन ओलं असताना ड्रायर लावणं म्हणजे घर पेटवायची तयारी. रेशनचं रॉकेल आता सहसा मिळत नाही, रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन हे काम तितकंच चांगलं करतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवाही विझवलेला.

तीन तासांनी परत थेंब, परत वाट. संध्याकाळी दोन्ही हातांनी चाक समोरासमोरच्या बाजूंनी धरून, डावीकडे-उजवीकडे डोलवत ओढलं. आधी कर्र आवाज, मग एकदम सुटलं. चाक ज्यावर फिरतं तो बुश गडद चहाच्या रंगाचा झाला होता. स्टील दिसतच नव्हतं.

हा थर टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, हे आज नीट कळलं. साखर पाण्यात जाते तसा तो जात नाही. तो फुगतो, मऊ पडतो आणि मग खरवडावा लागतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली सुती चिंधी बुशभोवती वीस मिनिटं गुंडाळून ठेवली, मग बांबूची काडी चपटी तासून तिने खरवडलं. काडीच्या टोकावर तपकिरी साय जमत गेली. लोखंडी पातं किंवा पॉलिश पेपर वापरला नाही. बुशवर ओरखडा पडला की तो कायमचा, आणि पुढे त्याच ओरखड्यात घाण भरते. चार वेळा गुंडाळलं, चार वेळा खरवडलं, तेव्हा खालचं पांढरं स्टील लागलं. चाकाच्या आतलं भोकही तसंच, काडीला चिंधी गुंडाळून साफ केलं.

बुशवर एक थेंब तेल बोटाने पसरून चाक परत चढवलं. नट न लावता एका बोटाने टिचकी मारली, तर चाक दोन-अडीच फेरे फिरलं.

नट लावून, घट्ट करून मोजलं, तर परत १,२००! पण यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. नट घट्ट असताना चाक आणि शाफ्ट एकच होतात, त्यामुळे चाकाचा बुश साफ केल्याने शिवताना काही हलकं होणार नव्हतं. आत्याची बॉबिन भरतानाची अडचण मात्र आज सुटली.

१४ डिसेंबर, शनिवार

आज तोंडाकडची पट्टी काढली आणि मागच्या बाजूची गोल झाकणी सैल करून सरकवली. या झाकणीतून आतला सांधा दिसतो. वरच्या शाफ्टची फिरकी इथून एका लांब दांड्याने खाली शटलपर्यंत पोचते. मशीनमधला बराच भार इथे असतो आणि इथेच लोक तेल घालायला विसरतात, कारण त्यासाठी हेडच्या मागे जावं लागतं.

तोंडाच्या बाजूला सुईची दांडी, फुटाची दांडी आणि दोरा वर ओढणाऱ्या टेक-अपचा छोटा रोलर ज्या खाचेत पळतो ती खाच. सुईच्या दांडीवर वरपासून खालपर्यंत तपकिरी पट्टा, आणि दांडी जिथपर्यंत खाली येते तिथे रंगाची ठसठशीत रेघ.

टर्पेंटाइन तेलाच्या कुपीत भरून प्रत्येक छिद्रात, प्रत्येक सांध्यावर सोडलं. जुना दात घासायचा ब्रश तोंडाच्या भागात चालवला. सोनेरी वेलबुट्टीवर काही जाऊ नये म्हणून हेडवर कोरडी चिंधी पांघरली होती. थिनर आणि स्पिरिट तर या रंगाच्या जवळही आणायचे नाहीत, वेलबुट्टीवरचं पारदर्शक रोगण त्याने उतरतं आणि सोनेरी रंग चिंधीवर येतो.

दर दहा मिनिटांनी चाक फिरवायचं. सुरुवातीला पाव फेरा, मग अर्धा, मग पूर्ण. चौथ्या वेळेला चाक अचानक सैल पडल्यासारखं झालं. मोजलं तर ४८० ग्रॅम.

घरातल्या सगळ्यांना बोलावून फिरवून दाखवलं.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी उठल्याबरोबर चाकाला हात लावला. परत जड. डाळ घातली, ९०० ग्रॅम.

चहा घेईपर्यंत विचार केला, मग उमगलं. काल मी टर्पेंटाइन घातलं, रोगण फुगलं, थोडं सुटलं आणि पातळ होऊन खाली उतरलं. ते बाहेर काढलंच नाही. रात्री टर्पेंटाइन उडून गेलं आणि सुटलेली घाण खालच्या सांध्यांत जाऊन परत बसली. काल जे हलकं लागलं ते टर्पेंटाइन ओलं होतं म्हणून. तेव्हा ४८० हा आकडा खोटा होता. ओल्या मशीनवर मोजू नये.

दुसरी एक गोष्ट यातून कळली. टर्पेंटाइन वंगण नाही. ते उडाल्यावर धातूवर धातू कोरडा घासतो. त्या अवस्थेत मशीन जोरात फिरवलं असतं तर शाफ्टवर खरचटे पडले असते. गंज सोडवायचे जे फवारे मिळतात त्यांचंही तसंच. ते सोडवतात चांगलं, पण त्यांच्या भरवशावर मशीन चालवू नये.

म्हणून आज पद्धत बदलली. हेड मागे कलंडवून त्याखाली पांढरा कागद पसरला. वरून टर्पेंटाइन सोडायचं, चाक वीस फेरे सावकाश फिरवायचं, खाली जे ठिबकेल ते कागदावर पाहायचं, जिथे जिथे ओघळ दिसेल तिथे चिंधीने पुसून घ्यायचं आणि मग परत वरून. पहिल्या कागदावर काढ्यासारखे डाग पडले. दुसऱ्यावर चहासारखे. पाचव्या कागदावर ठिबका जवळजवळ पाण्यासारखा पडला, तेव्हा थांबलो. सुईची दांडी बोटाने दाबून पाहिली. आधी बोट चिकटायचं, आता सरकतं.

लगेच, ओलं असतानाच, सगळीकडे भरपूर मशीनचं तेल सोडलं. हे तेल राहायचं नाही, ते उरलेलं टर्पेंटाइन ढकलून बाहेर काढायला आहे. पन्नास फेरे, मग सगळं पुसलं. चिंध्या गच्चीत दोरीवर एकेक पसरून वाळत घातल्या. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही, आतल्या आत तापतात.

मोजलं नाही. उद्या कामावर जायचंय, आठवडाभर तसंच ठेवतो.

२१ डिसेंबर, शनिवार

आठवड्याने, सकाळच्या थंडीत मोजलं. ३८० ग्रॅम. हा आकडा खरा.

आज खालचा भाग. खाली आडव्या दांड्या आहेत. एक कापड सरकवणारी दातेरी पट्टी पुढेमागे करते, एक शटलला झुलवते. शटलकडच्या दांडीला एक काटा आहे आणि त्या काट्यात छोटा ठोकळा सरकतो. त्या ठोकळ्याभोवती कुणीतरी कधीतरी ग्रीस भरलं होतं. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. वर्षं गेली की तेल झिरपून जातं आणि नुसता साबण उरतो. इथे तो वाळक्या मेणासारखा, पिवळट, टोकदार कपच्यांमध्ये सुटत होता. हा प्रकार करडीच्या रोगणापेक्षा फार सोपा. काडीने टोचलं की कपची निघते, उरलेलं टर्पेंटाइनच्या ब्रशने जातं. दहा मिनिटांत ठोकळा मोकळा.

दांड्यांची टोकं टोकदार स्क्रूंमध्ये धरलेली आहेत आणि त्या स्क्रूंवर नट आवळलेले आहेत. यांना हात लावला नाही. जड मशीन पाहिलं की हे स्क्रू सैल करायचा सल्ला खूप जण देतात. पण हे स्क्रू कारखान्यातून नेमक्या ताणावर बसवलेले असतात. सैल केले की दांडी खडखडते, दाते आणि सुई यांचा मेळ जातो, टाके सुटायला लागतात. घाण असेल तर घाण काढावी. स्क्रूंच्या टोकाशी टर्पेंटाइन, ब्रश, पुसणं, तेल, बस.

मोजलं. तीन जागी ३००, पण चौथ्या जागी, दातेरी पट्टी सगळ्यात खाली जाते तिथे, ४८०. दोनदा मोजलं, तेच.

आधी हे दिसलंच नव्हतं. सगळीकडे १,३५० असताना हा उंचवटा त्यात बुडून गेला होता. आता बाकीचं पाणी ओसरलं आणि खडक वर आला.

२२ डिसेंबर, रविवार

गल्लीच्या टोकाला मशीन दुरुस्त करणारे एक काका बसतात. सकाळी त्यांच्याकडे गेलो.

"काका, बाकी हलकं झालंय, पण दाते खाली गेले की अडतंय."

त्यांनी मान वर न करताच विचारलं, "प्लेट काढली होतीस का?"

"नाही. स्क्रू निघेनात, म्हणून ठेवली."

"मग तिथंच आहे. नमदा झाला असेल नमदा. काढ, म्हणजे दिसेल."

सुईखालच्या प्लेटला दोन स्क्रू. घरातला पेचकस त्यांच्या खाचेत नीट बसत नव्हता, डगडगत होता, म्हणून पहिल्या दिवशी सोडून दिलं होतं. काकांनी खाचेच्या रुंदीला नेमका बसणारा, आखूड, जाड दांड्याचा पेचकस दिला. काल रात्री स्क्रूंवर टर्पेंटाइनचा एकेक थेंब टाकून ठेवला होता. वरून सरळ दाब देत फिरवले आणि दोन्ही निघाले.

प्लेट उचलली. दात्यांच्या ओळींमधल्या खाचांमध्ये आणि खाली, जिथे दाते उतरतात त्या खड्ड्यात, करड्या रंगाची घट्ट लादी बसली होती. कापडाचे तंतू, तेल आणि धूळ, आत्याच्या सगळ्या वर्षांच्या शिवणाचे, टाक्याटाक्याला ठोकून ठोकून जमलेले. चिमट्याने एक कोपरा उचलला तर अखंड तुकडा बाहेर आला, नखाएवढा जाड, दात्यांच्या ओळींचे ठसे त्याच्या वरच्या अंगावर उमटलेले. काका म्हणाले तसा नमदाच. दातेरी पट्टी खाली जाताना दर फेऱ्याला या गादीवर दाबली जात होती.

खड्डा साफ करून मोजलं. चारही जागी २६० ते २७०.

मग हँडल. त्याच्या पेटीत दोन दातेरी चाकं, हँडलचा एक फेरा म्हणजे मशीनच्या चाकाचे तीन. तिथलंही ग्रीस वाळून कपच्या झालेले. दाते ब्रशने साफ केले, नव्या ग्रीसचा वाटाण्याएवढा गोळा बोटाने दात्यांवर फिरवला, अक्षांना एकेक थेंब तेल. ग्रीस फक्त दात्यांना. हेडमध्ये कुठेही नाही.

सगळं जोडल्यावर एक घोळ झाला. नट कितीही आवळला तरी चाक शाफ्टवर घसरत होतं, सुई हलेना. आधी काढून ठेवलेला फोटो पाहिला. वॉशरचे आतले कान बाहेर तोंड करून होते, म्हणजे बाजू बरोबर होती, पण अर्धा फेरा फिरून बसला होता. त्यामुळे नटावरचा बारीक स्क्रू चुकीच्या कानाला अडत होता आणि नट पुरता आवळलाच जात नव्हता. वॉशर अर्धा फेरा फिरवून बसवला. नट घट्ट केला की सुई चालते, सैल केला की चाक एकटं फिरतं.

२५ डिसेंबर, बुधवार

अखेरचं तेल. पंधरा डिसेंबरला घातलेलं भरपूर तेल केव्हाच पुसून काढलंय, आता मोजून. पाठीवरच्या छिद्रांत एकेक थेंब. मागच्या गोल झाकणीतून आतल्या सांध्यावर दोन, चाक फिरवत, म्हणजे सगळीकडून जातं. तोंडाकडे सुईच्या दांडीला वर आणि खाली, फुटाच्या दांडीला, टेक-अपच्या रोलरला एकेक. खाली प्रत्येक टोकदार स्क्रूच्या टोकाला एक, काट्यातल्या ठोकळ्याला एक. शटल ज्या कड्यात झुलतं तिथे एकच, आणि तोही बोटाने पसरून, कारण तिथलं जास्तीचं तेल सरळ दोऱ्यावर येतं. चाकाच्या बुशला एक. ताणाच्या चकत्यांना एकही नाही, तिथे दोरा कोरडाच हवा.

मग शंभर फेरे, पुसणं, आणि जुन्या पांढऱ्या चादरीच्या तुकड्यावर दोरा न घालता शिवण. पहिल्या दोन वितींत सुईच्या भोकांभोवती फिकट डाग उमटले, नंतर नाही. सुई नवी घातली, सोळा नंबर, आणि दुपदरी सुतीवर शिवलं. टाका सरळ. हँडल एका हाताने फिरतं, दुसरा हात कापडावर राहतो.

२५० ग्रॅम.

१९ जानेवारी २०२५, रविवार

काल मशीन बार्शीला पोचवलं. आत्याने बसल्या बसल्या आधी गोल नट सैल केला, बॉबिन लावली आणि चाक फिरवून सुईकडे टक लावून पाहत राहिली. सुई जागेवरच होती.

"आगं बाई, थांबलीय की!"

मग नातीला जवळ घेऊन तिचा हात हँडलवर ठेवला. वाकळीसाठी जुन्या साड्यांच्या पट्ट्या जोडायला घेतल्या.

आज निघण्याआधी डाळीची पिशवी बांधून मोजलं. पहाटे थंडी चांगली होती, तरी २६०. पाटाच्या खणात मशीनच्या तेलाच्या दोन बाटल्या ठेवल्यात, एक संपली तरी दुसरी असावी म्हणून. महिन्याला एकदा एवढ्याच जागी थेंब, आणि दर वाकळीनंतर प्लेट उघडून ब्रश. काकांकडून तसला पेचकस विकत घेतला होता, तोही त्याच खणात आहे.

आत्या म्हणाली, करडीचं तेल आता तुझ्या डब्यात भरून देते. पाच लिटर घेऊन आलो.